पहिल्या तीन आठवड्यांतली नाडी

पोळी-भात सोडून अंडी, पनीर आणि चिकनवर आलेल्या माणसाला चौथ्या-पाचव्या दिवशी मनगटावरच्या घड्याळात एक बदल दिसतो. सकाळी उठल्यावर 72 असणारी नाडी 80-82 वर गेलेली असते. जिना चढला की छातीत धडधडतं, खुर्चीतून पटकन उठलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे या पट्ट्यात वजन आणि साखर उतरवण्यासाठी लो-कार्ब किंवा कीटो सुरू करणारे आता ऑफिसातच नाहीत, शॉप फ्लोअरवरही आहेत. या आकड्याचं काय करायचं, यावर त्यांना दोन तऱ्हेची उत्तरं मिळतात. घरचे आणि फॅमिली डॉक्टर म्हणतात, हा आहार हृदयावर येतोय, बंद कर. आहाराचे समर्थक म्हणतात, शरीर चरबीवर चालायला शिकतंय, दहा दिवस कळ काढ, आपोआप बसेल.

माझ्या मते दोघंही तो आकडा चुकीचा वाचतात. पहिल्या तीन आठवड्यांतली वाढलेली नाडी बहुतेक वेळा हृदयाच्या तब्येतीबद्दल फारसं सांगत नाही आणि चरबी जळण्याबद्दलही नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ किती घटलं, हे ती सांगते. आणि जिथे माणूस भट्टीजवळ, हॅमरखाली किंवा पेंट शॉपच्या ओव्हनपाशी आठ तास घाम गाळतो, तिथे पाणी-मिठाचा हिशेब ही किरकोळ बाब नसते.

हे पाणी जातं कुठे, ते आधी बघू. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. धान्य बंद केलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा बराचसा रिकामा होतो आणि त्याबरोबरचं लिटरभर पाणी सुटतं. पण नाडीच्या दृष्टीने खरी गोष्ट मूत्रपिंडात घडते. इन्सुलिन मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावतं. कर्बोदकं कमी झाली की रक्तातलं इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंड सोडियम सोडू लागतं. सोडियमच्या मागोमाग पाणी जातं. पहिल्या आठवड्यात लघवीच्या फेऱ्या वाढतात त्या यामुळेच.

ही माहिती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोस्टनचे जेम्स गॅम्बल बुडालेल्या जहाजातून वाचलेल्या माणसांसाठी तराफ्यावर कोणता शिधा ठेवावा याचा अभ्यास करत होते. उपाशी ठेवलेल्या तरुण स्वयंसेवकांना दिवसाला फक्त 100 ग्रॅम ग्लुकोज दिलं, तरी त्यांच्या शरीरातून जाणारं पाणी आणि मीठ बरंच कमी होतं, हे त्यांनी दाखवलं. आपण उलट्या बाजूने त्याच जागी येतो: त्या 100 ग्रॅमच्या खाली उतरलो की पाणी आणि मीठ सुटू लागतं.

रक्तातला द्रव कमी झाला की हृदयात परत येणारं रक्त कमी होतं आणि प्रत्येक ठोक्याला बाहेर जाणारं रक्तही कमी होतं. शरीराची गरज मात्र तेवढीच राहते. एका ठोक्याला 70 मिलिलिटर आणि मिनिटाला 72 ठोके म्हणजे मिनिटाला साधारण 5 लिटर. ठोक्यामागचं रक्त 62 मिलिलिटरवर आलं, तर तेच 5 लिटर पुरवायला 81 ठोके लागतात. हृदयात बिघाड काही नाही, ते तूट भरून काढतंय. वजनाच्या काट्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो उतरलेले दिसतात आणि ज्याचे फोटो ग्रुपवर पडतात, त्यातला मोठा भाग हाच द्रव असतो. काटा आणि नाडी एकाच गोष्टीची खबर देत असतात. लोक काट्यावर खूश होतात आणि नाडीला घाबरतात.

आता हे इथल्या माणसावर लावून बघू. समजा, भोसरीतल्या एखाद्या फोर्जिंग शॉपमधला ऑपरेटर आहे, वय 42, वजन 84 किलो, साखर जराशी वर. आजवर तो कॅन्टीनमध्ये चार पोळ्या, भात, वरण, एक भाजी, पापड आणि लोणचं असं जेवत आला. त्या ताटात दीडशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि दिवसभराच्या मिठातला मोठा वाटा होता. भारतीय माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास मीठ जातं, जागतिक आरोग्य संघटनेच्या 5 ग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच वर. पण ते मीठ कुठून येतं ते बघा: कणकेतून, वरण-भाजीतून, लोणचं-पापडातून, चार वाजताच्या वडापाव आणि फरसाणातून. कीटो सुरू झालं की नेमकं हेच सगळं ताटातून जातं.

त्याच्या डब्यात आता चार उकडलेली अंडी, पनीर, काकडी आणि मूठभर शेंगदाणे असतात. एका अंड्यात सोडियम जेमतेम 70 मिलिग्रॅम. आपलं ताजं पनीर तर बिनमिठाचंच असतं. इथे परदेशातून आलेला सल्ला आपल्याला फसवतो. अमेरिकेत लो-कार्ब खाणारा खारवलेलं बेकन आणि चीज खातो, त्याच्या ताटात मीठ आपसूक येतं. आपल्याकडे धान्य सोडणारा नकळत मीठही सोडतो, आणि वर ‘मीठ वाईट’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असल्याने त्याला ते बरंच वाटतं.

या माणसाचं मीठ 8 ग्रॅमवरून 4 ग्रॅमवर आलं असं धरू. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंड ते धरून ठेवायला नाखूश. आणि एप्रिलमध्ये फर्नेससमोरच्या शिफ्टमध्ये तीन लिटर घाम जाणं अवघड नाही. घामातलं मीठ माणसागणिक बदलतं, पण लिटरमागे 2 ग्रॅमचा अंदाज धरला, तरी एका शिफ्टमध्ये 6 ग्रॅम गेलं. आले 4 आणि नुसत्या घामातून गेले 6. शुद्ध पाणी कितीही प्यायलं तरी ही तूट भरत नाही. उलट मीठ नसताना नुसतं पाणी ढोसलं, तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं आणि पोटऱ्यांना गोळे येतात. ‘कीटो फ्लू’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं हेच आहे. त्याला फ्लू म्हटलं की तो आपोआप बरा होईल असं वाटतं, म्हणून मला ते नाव मुळीच आवडत नाही.

याला आणखी एक पदर आहे आणि या पट्ट्यासाठी तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उष्णतेत काम करायला शरीर साधारण एक ते दोन आठवड्यांत सरावतं. या सरावात रक्तातला द्रव वाढतो, घामातलं मीठ कमी होतं आणि त्याच कामाला नाडी कमी लागते. म्हणजे शरीर जे मिळवू पाहतं, तेच धान्यबंदी पहिल्या पंधरवड्यात काढून घेते. दोन्ही एकाच वेळी सुरू केले तर एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापायला लागतं तेव्हा, किंवा मे महिन्यात गावी सुट्टी काढून परत आल्यावर, कारण तोवर आधीचा सराव बराचसा उतरलेला असतो, नेमकं त्याच वेळी नवा आहार सुरू करणं ही चुकीची वेळ आहे. ज्याला करायचंच आहे त्याने जुलै-ऑगस्टमध्ये किंवा डिसेंबरमध्ये करावं, आणि नाइट शिफ्टच्या पहिल्या आठवड्यात तर नकोच, कारण मोडलेली झोपही नाडी वर नेते आणि मग कशामुळे काय झालं ते कळत नाही.

कारण पाण्या-मिठाची तूट आहे की दुसरं काही, हे ओळखायचं कसं? फक्त सकाळचा आकडा पुरत नाही. झोपून पाच मिनिटं शांत पडायचं, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचे. उभं राहिल्यावर दहा-पंधरा ठोके वाढणं नेहमीचं आहे. तिसऱ्या मिनिटालाही 30 किंवा अधिक वाढ टिकली, किंवा चक्कर येऊ लागली, तर द्रव कमी पडत असण्याची शक्यता बरीच. जोडीला रक्तदाब मोजला आणि वरचा आकडा उभं राहिल्यावर 20 ने उतरला, तर ती शक्यता आणखी वाढते. हा प्रयोग आहार सुरू करण्याआधी दोन-तीन दिवस करून ठेवला पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? घड्याळातल्या ‘रेस्टिंग’ आकड्यावर विसंबू नये. एक कंपनी झोपेतला सर्वांत खालचा आकडा धरते, दुसरी दिवसभरातल्या शांत मिनिटांची सरासरी काढते. घड्याळ बदललं की माणूस तोच असून नाडी पाच ठोक्यांनी बदलते. तंबाखू, मिश्री किंवा चहा झाल्यावर मोजलेला आकडाही कामाचा नाही, निकोटीन स्वतःच नाडी वाढवतं.

आणि तूट असेल तर ती भरल्यावर नाडी उतरली पाहिजे. ही खरी परीक्षा. दोन मोठे ग्लास पातळ ताक, त्यात मिळून अर्धा चमचा मीठ, म्हणजे अडीच-तीन ग्रॅम. हे एका दिवसात विभागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उभ्याची नाडी आठ-दहा ठोक्यांनी खाली आली, तर कारण सापडलं. दोन-तीन दिवस असं करूनही नाडी हलली नाही, तर मीठ वाढवत बसायचं नाही, दुसरं कारण शोधायचं. अंगात ताप असला तर दर अंशाला नाडी साधारण दहाने चढते, आणि पावसाळ्यात या भागात डेंग्यू असतोच. रक्तक्षय, थायरॉइड, न मोडणारी चिंता हेही त्याच आकड्यात लपतात. स्टीव्हन फिन्नी यांच्यासारखे कीटोचे अभ्यासक दिवसाला 5 ग्रॅम सोडियम, म्हणजे 12 ग्रॅमच्या आसपास मीठ सुचवतात. निरोगी माणसाला ते चालेलही, पण ज्याचा रक्तदाब मुळात चढा आहे, मूत्रपिंड कमजोर आहे किंवा हृदय आधीच दुबळं आहे, त्याला हा आकडा सरसकट सांगणं मला मान्य नाही. त्याने मीठ वाढवायचं ते डॉक्टरांना विचारून आणि रक्तदाब मोजत.

कामावरची नाडी वेगळी मोजायची असते. उष्ण कामातून थांबल्यावर बसून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला ठोके घ्यायचे. औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात लुसियन ब्रूहा यांनी ही पद्धत रूढ केली. तिसऱ्या मिनिटाला नाडी 90 च्या खाली आली तर काम झेपतंय. 90 च्या वर राहिली आणि पहिल्या मिनिटापासून दहानेही उतरली नाही, तर काम त्या माणसाला त्या दिवशी जड आहे. ज्याने आहार बदललाय त्याच्यात हाच फरक आधी दिसतो. सकाळचा आकडा ठीक असतो, पण दुपारी तीनला सावलीत बसूनही नाडी खाली येत नाही.

नाडी वाढण्याऐवजी उतरलेले लोकही भेटतात, आणि त्यांना वाटतं आपण फिट होतोय. 68 ची 56 झाली, म्हणजे धावपटूसारखी! इथे सावध व्हायला हवं. 1944-45 साली मिनेसोटामध्ये ॲन्सेल कीज यांनी 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांची विश्रांतीतली नाडी पन्नाशीतून चाळिशीच्याही खाली गेली. त्यांच्या ताटात ब्रेड, बटाटे, सलगम होतेच, म्हणजे कर्बोदकं भरपूर होती, कमी होते ते एकूण कॅलरीज. अन्न कमी पडलं की शरीर थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक आणि सिम्पथेटिक चेतासंस्थेची चेतना दोन्ही उतरवतं आणि नाडी मंदावते. कीटोवर भूक मरते म्हणून माणूस नकळत निम्मं खातो, कोणी त्यावर दिवसात दोनदाच जेवायचं असंही जोडतो. दीक्षित पद्धतीत धान्य बंद होत नाही, जेवणाच्या वेळा आवळल्या जातात. त्या पद्धतीला कीटो चिकटवलं की ती तिसरीच गोष्ट होते. हात गार पडतात, थकवा येतो आणि नाडी उतरते. ती फिटनेसची खूण समजणं चूक आहे.

म्हणजे दोन जोर एकमेकांच्या उलट काम करतात. पाण्याची तूट नाडी वर नेते, अन्नाची तूट खाली आणते. दोन्ही एकाच वेळी असल्या तर सकाळचा आकडा जसाच्या तसा राहू शकतो आणि माणसाला वाटतं सगळं आलबेल आहे. अशा वेळी खरं बोलतो तो फक्त उभं राहिल्यावरचा फरक.

औषधं चालू असलेल्या माणसासाठी हा फरकही फसवा ठरू शकतो. मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी वाढूच शकत नाही तेवढी, त्यामुळे तूट असूनही आकडा शांत दिसतो आणि माणूस सरळ कोसळतो. टेल्मिसार्टनबरोबर क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड ज्याच्या गोळीत आहे, त्याच्या शरीरातून मीठ काढायला आधीच एक औषध लागलेलं असतं, त्यावर धान्यबंदी आणि घाम. ग्लिमेपिराइडवर असलेल्याने पोळी सोडली तर साखर खाली येऊन धडधड होते, ती पाण्याची नव्हे.

आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना मी स्पष्ट सांगेन: डॉक्टरांना विचारल्याशिवाय कीटो सुरू करू नका. ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यावर धान्य बंद केलं तर साखर ठीक दिसत असूनही रक्तात आम्लयुक्त कीटोन्स धोकादायक पातळीला जाऊ शकतात. सतत मळमळ, पोटदुखी, खोल आणि जोराने चाललेला श्वास आणि 100 च्या वर टिकलेली नाडी, ही त्याची लक्षणं. यात वाईट गोष्ट अशी, की कीटो करणारा लघवीची पट्टी जांभळी झाली की खूश होतो आणि ग्लुकोमीटर 180 दाखवतो, म्हणून घाबरत नाही. 2020 च्या अखेरीस डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, किंमत उतरली आणि हे औषध आता कामगारांच्या पाकिटातही असतं. पट्टी आणि ग्लुकोमीटर दोघांनी मिळून अशी फसवणूक करू नये, म्हणून ही गोष्ट कॅन्टीनमध्ये माहीत असायला हवी.

नाडीचा वेग आणि नाडीची लय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगतो. 82 पण एकसारखे ठोके असतील तर वर सांगितलेला हिशेब लागू. मधेच चुकणारा, अनियमित ठोका, छातीत दुखणं, बेशुद्धी किंवा विश्रांतीतही तासभर शंभरच्या वर राहणारी नाडी, यात ताकाचे प्रयोग करायचे नाहीत. 1976-77 मध्ये अमेरिकेत निव्वळ द्रव प्रथिनांवर जगणारे अनेक जण हृदयाची लय बिघडून दगावले. त्यात पोटॅशियमसारखी खनिजं कमी पडणं हा एक संशयित होता. म्हणून ताटात पालेभाजी, नारळ, शेंगदाणे राहिले पाहिजेत. नुसत्या अंडी-पनीरवर माणसाला ठेवू नये.

कारखान्यांनी या बाबतीत काय करावं, यावरही माझं म्हणणं आहे. ‘फिटनेस चॅलेंज’च्या नावाखाली महिन्याभराची वजन-घट स्पर्धा घेतात, आणि तीही बऱ्याचदा उन्हाळ्याच्या तोंडावर. पहिल्या महिन्यात सर्वाधिक वजन उतरवणारा सहसा सर्वाधिक पाणी गमावलेला असतो, आणि त्यालाच बक्षीस मिळतं. स्पर्धा घ्यायचीच तर बारा आठवड्यांनी कंबर मोजा आणि मार्च ते जूनमध्ये ती ठेवू नका. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 मध्ये अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याच्या थंड पाण्याची सोय बंधनकारक होती. तो नियम पाण्यापुरता होता, मिठाचा विचार त्यात नव्हता. पाण्याच्या कूलरशेजारी मीठ घातलेलं ताक ठेवलं तर कीटो करणारा आणि न करणारा दोघांचंही काम होईल. आणि कारखान्याच्या दवाखान्यात चक्कर आली म्हणून आलेल्याच्या कार्डावर शिफ्ट, जागा, रक्तदाब असतो, पण ‘गेल्या महिन्यात जेवण बदललं का?’ हा प्रश्न नसतो. तो विचारला, तर कित्येक ‘उष्णतेमुळे अशक्तपणा’ची खरी गोष्ट लगेच कळेल.

शेवटी ओआरएसबद्दल. असा माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याला लिटरभर पाण्यात पुडी विरघळवून देतात, आणि कीटोवरचा माणूस ‘यात साखर आहे’ म्हणून ग्लास बाजूला सारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्या एका लिटरात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, आणि आतड्यातून सोडियम शोषलं जायला थोड्या ग्लुकोजची मदत होते. उष्णतेने गळून गेलेल्या माणसाच्या दिवसभराच्या आहारात 13.5 ग्रॅम साखर म्हणजे एका पोळीपेक्षाही कमी. त्याने ते ओआरएस प्यावं, सावलीत पाय वर करून पडावं आणि त्या दिवसाची उरलेली शिफ्ट सोडावी.